ग्रेड, स्टेज आणि मार्कर

प्रश्न : पॅथॉलॉजीच्या थिअरीत ग्रेड, स्टेज आणि ट्यूमर मार्कर यांची सरमिसळ होते. अभ्यास कसा करू?
– एमबीबीएसची विद्यार्थिनी

उत्तर : एकाच रुग्णावर तिन्ही लिहून पाहा. समजा, मोठ्या आतड्याचा अ‍ॅडिनोकार्सिनोमा आहे. स्लाइडवर सुमारे ७० टक्के भागात ग्रंथींची रचना टिकून आहे, म्हणून ग्रेड मध्यम. गाठ स्नायूचा थर ओलांडून बाहेरच्या चरबीत गेली आहे, म्हणून टी३. दोन लसिकाग्रंथींत पसरली आहे, म्हणून एन१. दूरच्या अवयवांत नाही, म्हणून एम०. ही झाली तिसरी स्टेज. आता मार्कर : सीईए धूम्रपानानेही वाढतो, त्यामुळे केवळ त्यावरून निदान होत नाही. मात्र शस्त्रक्रियेनंतर उतरलेला सीईए पुन्हा चढू लागला, तर रोग परतल्याची शंका घेतात. प्रत्येक मार्करपुढे उपयोग आणि मर्यादा दोन्ही लिहा.