पान तीन, वरून दुसरी ओळ

चाळीच्या पुनर्विकासाची सभा कितीही आधी जाहीर करा, सगळे रहिवासी एका छताखाली येत नाहीत. आमच्या काळाचौकीत तर नाहीच. गिरण्या बंद पडल्यावर कुणी गुहागरला परतलं, कुणी साताऱ्याकडे शेती बघतं, कुणी मुलाकडे बदलापूरला राहतं. खोलीवरचा हक्क आणि मत मात्र प्रत्येकाचं आहे. आमची चाळ उपकरप्राप्त, त्यामुळे ३३(७) खालच्या योजनेला ५१ टक्के रहिवाशांची संमती लागते. गावाकडे व्हिडिओ टिकत नाही आणि बऱ्याच ज्येष्ठांच्या हातात साधा फोन आहे, म्हणून कमिटीने आवाजाचा कॉन्फरन्स कॉल ठरवला.

पहिल्या कॉलवर वास्तुविशारदांनी नवीन घराचा नकाशा समजावला. माणूस जाणकार, नकाशाही चांगला होता. पण ते स्वतःच्या स्क्रीनकडे बघून बोलत होते. “हे निळं दिसतंय ना, तिथून असं आत वळलं की ही जागा मोकळी मिळते.” ऐकणाऱ्याला ना निळं दिसत होतं, ना वळण. गुहागरच्या एका काकांची समजूत झाली की नव्या घरातही संडास बाहेर, सामायिकच राहणार. त्याहून गंभीर प्रकार एका मावशींच्या बाबतीत घडला. हरकत असल्यास सात दिवसांत लेखी कळवा, असं कॉलवर सांगितलं गेलं. मावशींनी ऐकलं साठ दिवस. त्यांना वारसाच्या नावाबद्दल हरकत घ्यायची होती. आठवडा उलटल्यावर त्यांनी सहज फोन केला तेव्हा गोंधळ कळला आणि मुदत वाढवून घ्यावी लागली.

हा मावशींच्या कानांचा दोष नव्हता. जुन्या पद्धतीच्या टेलिफोन लाइनवर आवाजाचा साधारण ३०० ते ३,४०० हर्ट्झ एवढाच पट्टा जातो. त, ठ, थ, फ, स यांना एकमेकांपासून वेगळं करणारा बारीक हवेचा आवाज बराचसा त्याच्या वर असतो, तोच कापला जातो. समोर बसलेल्या माणसाचे ओठ बघून आपण ती उणीव भरून काढतो. फोनवर ओठ नाहीत, आणि मराठी आकडे तर एकमेकांच्या फार जवळचे: सात-साठ, पंचवीस-पस्तीस, एकोणसाठ-एकोणसत्तर.

दुसऱ्या कॉलची संहिता लिहायचं काम कमिटीने माझ्याकडे दिलं. माझी नोकरी फोनवर ग्राहकांशी बोलण्यात गेली, म्हणून असेल. त्या लिखाणात जे हाती लागलं ते इतर सोसायट्यांना उपयोगी पडेल म्हणून सांगते.

सुरुवात कॉलच्या आधी होते. नकाशा आणि आकड्यांचे कागद आदल्या संध्याकाळपर्यंत प्रत्येकाकडे पोचले पाहिजेत. काहींना व्हॉट्सॲपवर, काहींना गावच्या शेजाऱ्याकडून छापून. प्रत्येक पानाच्या वरच्या कोपऱ्यात ठळक आकडा हवा. मग संहितेत “इथे”, “हे”, “वरचा” हे शब्द येऊ द्यायचे नाहीत. त्या जागी पत्ता द्यायचा: “पान तीन. वरून दुसरी ओळ. मी दहा सेकंद थांबते, पान काढा.” थांबणार आहोत हे बोलून दाखवणं फार गरजेचं आहे. न सांगता तीन सेकंद गप्प राहिलात तर निम्मे लोक “हॅलो, हॅलो” करू लागतात, त्यांना लाइन तुटली असं वाटतं.

कागद नसलेल्यांसाठी नकाशा बोलूनच उभा करावा लागतो. त्याला मी एकच शिस्त ठेवली: दारातून आत शिरायचं, डाव्या हाताने भिंतीच्या कडेकडेने फिरायचं आणि पुन्हा दाराशी यायचं. मधे उडी मारायची नाही. मापही ओळखीच्या खोलीत सांगायचं. आमच्या खोल्या दहा बाय बाराच्या, म्हणजे १२० चौरस फूट. संहितेतला तो भाग असा होता:

“नवीन घर किमान ३०० चौरस फूट चटई क्षेत्राचं आहे. तीन शून्य शून्य. म्हणजे आत्ताच्या आपल्या अडीच खोल्या. आता दारात उभे राहा, तोंड घराच्या आत. डाव्या हाताला स्वयंपाकाचा ओटा. त्याच भिंतीने पुढे गेलात की न्हाणीघर, आणि त्याला लागून संडास. दोन्ही घराच्या आत, फक्त आपल्या कुटुंबासाठी. समोरच्या भिंतीला खिडकी. उजव्या भिंतीला झोपायची खोली. तिथून परत दाराशी. घराचं वर्णन संपलं.”

शेवटचं वाक्य गाळू नये. समोरच्या सभेत वक्ता कागद खाली ठेवतो, पाणी पितो आणि मुद्दा संपल्याचं कळतं. फोनवर ते शब्दांतच सांगावं लागतं: “पहिला भाग, घर, संपला. आता दुसरा भाग, भाडं.” भाग तीनच ठेवले होते, घर, भाडं आणि मुदत, आणि त्यांची नावं सुरुवातीलाच सांगितली होती. बोलणारा बदलला की प्रत्येक वेळी आधी नाव सांगायचं, दोन वाक्यांसाठी बोलणार असला तरी.

उजळणीचं मर्म मला रेडिओवरच्या क्रिकेटमुळे कळलं. बाळ ज. पंडितांचं मराठीतलं धावतं वर्णन ज्यांनी ऐकलंय त्यांना आठवेल, धावफलक पुन्हा पुन्हा सांगितला जायचा, कारण कुणीतरी नुकताच रेडिओ लावलेला असणारच. कॉलवरही तसंच आहे. कुणाची लाइन तुटते, कुणी उशिरा जोडलं जातं. म्हणून दर चार-पाच मिनिटांनी दोन वाक्यांची उजळणी लिहून ठेवली, आणि ती दर वेळी शब्दशः तीच. एकदा “तीनशे फूट” आणि पुढच्या वेळी “अडीच खोल्या” एवढंच म्हटलं, तर ऐकणाऱ्याला आकडा बदलल्यासारखा वाटतो. मुदत तर दिवस मोजून सांगितलीच नाही. वार आणि तारीख सांगितली, “सोमवारी संध्याकाळी पाचपर्यंत”. तारखेचे अंक सुटे करून पुन्हा सांगितले.

“सगळ्यांना समजलं ना?” हा प्रश्न संहितेतून काढून टाका. त्याला नेहमी “हो” असंच उत्तर येतं, किंवा काहीच येत नाही. त्याऐवजी एकेकाला हाक मारायची: “काका, हरकत कधीपर्यंत द्यायची, तुमच्या तोंडून सांगा बघू.” तपासायला नव्हे, सगळ्यांना दुसऱ्या आवाजात ऐकू यावं म्हणून, हे आधीच सांगून ठेवलं की कुणाला अपमान वाटत नाही. गुहागरच्या काकांनी “संडास घरात” हे स्वतः म्हटलं, त्यानंतर तो प्रश्न पुन्हा आला नाही.

तालीम अशी घ्या. एकाला शेजारच्या खोलीत फोन देऊन बसवा, नकाशा देऊ नका, फक्त कोरा कागद द्या. तुम्ही वाचा, त्याने काढावं. माझ्या भाचीने पहिल्यांदा काढलेल्या चित्रात ओटा खिडकीखाली आला, कारण “समोर” हा शब्द मी दोन वेगवेगळ्या भिंतींसाठी वापरला होता. वाक्य बदललं, चित्र जमलं. वाचनाचा वेग मिनिटाला शंभर शब्दांच्या आसपास ठेवा आणि एकूण बोलणं अर्ध्या तासात आटपा, त्यापुढे कान थकतात.

एका कॉलवर एकाच घराचा नकाशा मावतो. दोन पर्यायी नकाशांची तुलना फोनवर करू नका, त्यासाठी कागद हातात देऊन माणूस पाठवा. संमतीही फोनवरच्या “हो”वर धरू नये, ती लेखीच घ्यावी. कॉल संपल्यावर त्याच संध्याकाळी तीच उजळणी छोट्या ध्वनिसंदेशात पाठवा, आणि ज्यांच्याकडे साधा फोन आहे त्यांना कमिटीतल्या एकाने फोन करून ती वाचून दाखवावी.