फोन दुपारी दोननंतर

दर महिन्याच्या १४ तारखेला जीएसटीच्या पोर्टलवर मासिक विवरणपत्र भरणाऱ्या प्रत्येक व्यापाऱ्याचा जीएसटीआर-२बी तयार होतो. पुरवठादारांनी आपापल्या विवरणपत्रात दाखवलेल्या बिलांची ही यादी. ही यादी आणि दुकानदाराची खरेदीवही शेजारी ठेवून बिलागणिक ताळा घ्यायचा आणि २० तारखेपर्यंत ३बी भरायचं, हे आम्हा कर सल्लागारांचं मधल्या आठवड्यातलं काम. त्यात फोन, ईमेल आणि बँकेच्या फेऱ्या मिसळल्या की काय होतं, ते मी बरीच वर्षं भोगलंय. नव्यानं प्रॅक्टिस सुरू करणाऱ्यांसाठी हे लिहिते आहे.

एक हार्डवेअरचं दुकान घ्या. पत्र्यांचं एक लाखाचं बिल, त्यावर १८,००० रुपये कर. वहीत बिल आहे, २बीत दिसत नाही. पूर्वी मी तिथल्या तिथे दुकानदाराला फोन लावायची. तो गिऱ्हाइकात अडकलेला, म्हणायचा, ‘मॅडम, बघून सांगतो.’ मी तोवर किराणावाल्याची फाइल उघडायची, आणि त्यातली निम्मी बिलं जुळवून होतात तोच याचा उलट फोन. बोलणं दोन मिनिटांचंच. पण ठेवल्यावर दोन्ही फाइलींत आपण कुठल्या बिलापाशी होतो आणि शंका नेमकी कशाची होती, हे पुन्हा शोधावं लागायचं. सोफी लरॉय या संशोधिकेनं २००९ साली याच गोष्टीवर शोधनिबंध लिहिला: काम अर्धवट टाकून दुसऱ्याकडे वळलं की लक्षाचा काही भाग पहिल्यातच रेंगाळतो. आमच्याकडे हे रेंगाळणं बेरजेत पकडता येतं. एकाच बिलावर दोनदा खूण झाली की जुळलेल्या बिलांची बेरीज २बीच्या बेरजेच्याही पुढे जाऊ शकते.

आणि गंमत अशी, की ते बिल पुष्कळदा यादीतच असतं. वहीत ‘४५२’, पुरवठादाराकडे ‘एसटी/४५२’. चार ओळी खाली गेलं की सापडतं. म्हणून आता मी शंका आली की फोन उचलत नाही. शेजारच्या रकान्यात प्रश्न लिहिते आणि पुढच्या बिलाकडे जाते. फाइल संपेपर्यंत बरेच प्रश्न आपोआप मिटतात. उरलेले एका कागदावर दुकानदाराच्या नावाखाली उतरतात आणि एकाच फोनमध्ये विचारले जातात.

फोनची वेळ ठरवताना सुरुवातीला मी माझी सोय बघितली. सकाळी डोकं ताजं असतं, म्हणून दहा वाजता सगळे फोन उरकायचे. पण दहाला दुकानदार शटर उघडून माल लावत असतो. फोन उचलला जायचा नाही आणि उलट फोन दिवसभर सुट्टे सुट्टे यायचे. आता फोन दुपारी दोननंतर, गर्दी ओसरल्यावर. बाजारपेठ तालुक्याची असेल तर आठवडी बाजाराचा वार टाळा.

वेळेइतकीच तारीखही महत्त्वाची. बिल खरोखरच २बीत नसेल, तर १४ तारखेनंतर पुरवठादाराच्या मागे लागून त्या महिन्यापुरता उपयोग नाही. त्यानं ११ तारखेपर्यंत जीएसटीआर-१ मध्ये बिल दाखवलं नाही, की ते पुढच्या महिन्याच्या २बीत जातं आणि हे १८,००० रुपये दुकानदाराला तूर्त खिशातून भरावे लागतात. तेव्हा मोठ्या खरेदीची विचारपूस ८ ते १० तारखेच्या दरम्यान करा. पुरवठादारांना ईमेलही त्याच दिवसांत दुपारी, एका बैठकीत पाठवा. मजकूर एकच असतो, फक्त बिल नंबर बदलतात.

काही कामं मात्र साठवू नयेत. नोंदणीच्या अर्जावर खात्यानं खुलासा मागितला तर उत्तराला कामकाजाचे सातच दिवस मिळतात. म्हणून ईमेल दिवसातून दोनदा उघडायचा, पण उघडायचाच. ई-वे बिलातल्या चुकीमुळे गाडी रस्त्यात अडवली गेली असेल तर ड्रायव्हरला ‘दोननंतर करा’ म्हणता येत नाही. त्यासाठी मी वेगळा नंबर ठेवलाय आणि तो फक्त मालवाहतूक करणाऱ्या क्लायंटना दिलाय. सगळ्यांना दिला असता तर तोही दिवसभर वाजला असता.

ओटीपीचं तंत्र उलटं आहे. तो क्लायंटच्या मोबाइलवर येतो आणि थोड्याच वेळात बाद होतो. आधी सगळी विवरणपत्रं शेवटच्या पायरीपर्यंत तयार ठेवायची, आदल्या संध्याकाळी ‘उद्या तीन ते चार फोन जवळ ठेवा’ असा निरोप द्यायचा आणि मग ओळीनं एकेकाचा ओटीपी घ्यायचा. हे १७-१८ तारखेलाच उरका. २० तारखेच्या संध्याकाळी पोर्टल मंदावतं आणि तुमची ठरवलेली वेळ तिथे चालत नाही.