कुपोषित बालकाची राउंडमधील मांडणी

प्रश्न : दीड वर्षाचे कुपोषित बालक उद्या राउंडमध्ये सादर करायचे आहे. योजनेत पहिल्याच दिवशी भरपूर आहार व लोहाचे औषध लिहू ना?
— परिचारिका-विद्यार्थिनी, विटा

उत्तर : आपला कळवळा रास्त आहे, परंतु दीर्घ उपासमारीने मंदावलेल्या देहास एकाएकी पोटभर अन्न दिले असता रक्तातील पोटॅशियम व फॉस्फेट पेशींत ओढले जाऊन हृदयावर असह्य भार पडतो, आणि लोहही आरंभी जंतुसंसर्गास पोषक ठरू शकते, म्हणून ते पहिल्या आठवड्यात वर्ज्य समजावे. सादरीकरण असे करावे :

“ऊसतोड कुटुंबातील १८ महिन्यांचा मुलगा, काल दाखल, वजन ६ किलो, लांबी ७४ सेंटिमीटर, दंडघेर १०८ मिलिमीटर, पावलांवर सूज नाही. उंचीच्या मानाने वजन उणे तीन प्रमाणविचलनाखाली, म्हणजे अतितीव्र कुपोषण. रक्तशर्करा व तापमान ठीक; प्रतिजैविक सुरू. योजना : एफ-७५ दूध, दर दोन तासांनी ६५ मिलिलिटर, रात्रीही.”

हा आकडा किलोमागे दिवसाला १३० मिलिलिटर, या हिशेबाने येतो. पावलांवर अंगठा काही क्षण दाबून खळगा राहतो का, हे स्वतः पाहावे. सूज असल्यास वजन फसवे ठरते आणि ती तीव्र असेल तर दुधाचे प्रमाण १०० वर येते. नाडी मिनिटास २५ व श्वास ५ ने वाढून तसेच राहिले, तर दूध कमी करून डॉक्टरांना तातडीने वर्दी द्यावी. भूक परतली की एफ-१०० कडे क्रमाने वळता येते.