गेजचा फोटो : काटा कुठे, आणि माप कोणते?



ठिबकवरच्या उसात फिल्टर तुंबला की पाणी आधी तोडतात शेवटच्या ओळी, आणि ते आपल्या ध्यानात येईपर्यंत पाने वळू लागलेली असतात. त्याची खबर आधी देतात ती फिल्टरच्या दोन बाजूंची दोन प्रेशर गेज. हल्ली बरेच सभासद या गेजचे फोटो मोबाईलवर पाठवून विचारतात, "साहेब, प्रेशर बरोबर आहे का?" फोटोत काटा दिसतो, पण त्याखालचा आकडा कोणत्या मापातला, हे ठरल्याशिवाय उत्तर देता येत नाही. ते कसे ठरवायचे, एवढेच आज पाहू.

एका तबकडीवर दोन मापे

बहुतेक गेजच्या तबकडीवर आकड्यांची दोन वर्तुळे असतात. एक किलोचे, म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला किती किलो दाब, आणि दुसरे पी.एस.आय.चे, म्हणजे दर चौरस इंचाला किती पौंड. १ किलो म्हणजे सुमारे १४.२ पी.एस.आय. बाहेरचे वर्तुळ किलोचेच असते असे धरून चालू नका. एका गेजवर किलो बाहेर, तर दुसऱ्यावर आत. रंगावरही विसंबू नका. मापाचे नाव ज्या रंगात छापले आहे, त्याच रंगाचे आकडे त्या मापाचे, हा नियम त्या एका तबकडीपुरता. शेजारच्या गेजवर रंग उलटे असू शकतात.

नाव पुसले असेल किंवा फोटोत उमटले नसेल, तर एक सोपी युक्ती आहे. काट्याच्या मध्यापासून सरळ रेघ ओढली असे समजा. त्या रेघेवर दोन्ही वर्तुळांतले जे आकडे येतील, त्यातला मोठा लहानाने भागा. उत्तर १४ च्या आसपास आले तर मोठे आकडे पी.एस.आय.चे आणि लहान किलोचे. लहान आकडे कधी बारचेही असतात. पण १ बार म्हणजे १.०२ किलो, त्यामुळे आपल्या कामाला तो फरक धरायचे कारण नाही. उत्तर १०० च्या आसपास आले तर मोठे आकडे किलोपास्कलचे.

मग दोन आकड्यांमधल्या बारीक खुणा मोजा. १ आणि २ च्या मध्ये दहा घरे असतील तर एक घर ०.१ चे, पाचच असतील तर ०.२ चे.

एक उदाहरण

समजा, वाळूच्या फिल्टरचे दोन फोटो आले. पाणी आत शिरते तिथल्या गेजवर बाहेरचे आकडे ० ते ७ आणि काटा २.१ वर. पाणी बाहेर पडते तिथले गेज नंतर बदललेले. त्यावर बाहेरचे आकडे ० ते ६० आणि काटा २० वर. सभासदाने लिहिले, "आत २.१, बाहेर २. फिल्टर साफ आहे." वीसचे त्यांनी दोन केले, टिंब पुसले असेल म्हणून.

पण दुसऱ्या तबकडीच्या आतल्या वर्तुळावर, त्याच काट्याखाली, १.४ आहे. २० ला १.४ ने भागले की १४ च्या वर थोडे येते. म्हणजे २० हे पी.एस.आय. आणि खरा दाब १.४ किलो. २.१ वजा १.४, फरक ०.७ किलो! वाळूचा फिल्टर स्वच्छ असताना हा फरक साधारण ०.२ ते ०.३ किलो असतो. ०.५ च्या वर गेला की उलटे पाणी सोडून फिल्टर धुवायचा. इथे तर धुण्याची वेळ केव्हाच टळून गेली होती.

धुतल्यावर पहिले गेज १.८ आणि दुसरे २३ पी.एस.आय., म्हणजे १.६ किलो दाखवू लागले, तर फरक ०.२ उरला; फिल्टर मोकळा झाला. पहिल्याचा दाब उतरला आणि दुसऱ्याचा चढला, हीच त्याची खूण.

गुऱ्हाळवाल्यांसाठी

काहिलीच्या तबकडीच्या थर्मामीटरला भागाकाराची युक्ती लावू नका. सेल्सिअस आणि फॅरनहाइटचे शून्य एका जागी नसते. तिथे १०० समोर २१२ आहे का ते पाहा. १०० ज्या वर्तुळावर, ते सेल्सिअस. गुळाचा चटका ११८ सेल्सिअसला धरला, तर तोच काटा फॅरनहाइटवर २४४ दाखवील.

फोटो कसा काढावा

मोबाईल काट्याच्या उंचीवर, तबकडीच्या अगदी समोर धरा. खालून किंवा कडेने काढला तर काटा एखादे घर सरकलेला दिसतो, आणि ०.१, ०.२ च्या हिशेबात एक घरसुद्धा फसवते. काचेवर ऊन चमकत असेल तर अंगाची सावली करा. मापाच्या नावासह पूर्ण तबकडी येऊ द्या. दोन्ही गेजचे फोटो पंप चालू असताना, एकामागोमाग काढा. तिसरा फोटो पंप बंद करून, पाइपातला दाब उतरल्यावर काढा. तेव्हा काटा शून्यावर आला नाही, तर ते गेज बदला. त्याच्या आकड्यावरून फिल्टरचा निकाल लावू नका.