पाळी, खोली आणि बस : वाळूज एमआयडीसीचा एक हिशेब

इंडस्ट्रियल व्हिजिटला आपण कारखान्यात जातो, मशिन्स बघतो, गेटवर फोटो काढतो आणि परत येतो. पण तीन पाळ्यांत ती मशिन्स चालवणारी माणसं राहतात कुठे आणि येतात कशी, हा प्रश्न आपल्या रिपोर्टमध्ये नसतो. खरं म्हणजे तोही इंजिनिअरिंगचाच प्रश्न आहे. छत्रपती संभाजीनगरजवळच्या (म्हणजे 2023 पर्यंतच्या औरंगाबादजवळच्या) वाळूज एमआयडीसीचं उदाहरण घेऊन तो सोडवून पाहू.

वसाहत कशी वाढली

एमआयडीसीची स्थापना 1962 सालची. मुंबई-पुण्यातली गर्दी कमी व्हावी आणि मागास भागात कारखाने जावेत म्हणून सरकारने सवलती दिल्या, शहराबाहेर शेतजमिनी घेऊन प्लॉट पाडले. वाळूजला 1985 मध्ये बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला आणि चित्र पालटलं.

दुचाकी बनवणारा कारखाना एकटा येत नाही. प्रेसचं काम, मशिनिंग, प्लेटिंग, प्लॅस्टिक मोल्डिंग, रबराचे भाग, पॅकिंग असं सगळं बाहेरच्या व्हेंडरकडून घ्यावं लागतं आणि व्हेंडर जितका जवळ तितका माल वेळेवर. त्यामुळे एका मोठ्या गेटाभोवती लहान-मोठी शेकडो शेड उभी राहतात. मोठ्या कंपनीत एक नोकरी निर्माण झाली, तर त्यापेक्षा जास्त हातांना काम या शेडमध्ये मिळतं. फरक एवढाच, की तिथल्या बहुतेक नोकऱ्या ठेकेदारामार्फतच्या असतात.

इथे एक गोष्ट समजून घ्यायला हवी. बारा महिन्यांत 240 दिवस काम झालं की कामगाराचे हक्क वाढतात, असा कायद्यातला हिशेब वर्षानुवर्षे होता. म्हणून सात-साडेसात महिने झाले की ‘ब्रेक’ द्यायचा आणि पुन्हा नव्याने घ्यायचं, ही पद्धत अनेक ठिकाणी रुळली. ज्याची नोकरी सात महिन्यांची, तो घर घेणार नाही, मोठं डिपॉझिट भरून फ्लॅटही घेणार नाही. त्याला हवी असते महिन्याच्या बोलीवर मिळणारी आणि दोन दिवसांत सोडता येणारी खोली.

खोली कोण देतं

ही खोली देतो शेजारच्या गावातला शेतकरी. रांजणगाव शेणपुंजी, जोगेश्वरी, वडगाव कोल्हाटी, पंढरपूर (सोलापूरचं नव्हे, वाळूजचं) ही गावं एमआयडीसीला अगदी लागून आहेत. जमीन गेली, पैसे आले, ते संपायच्या आत उरलेल्या जागेवर दहा बाय दहाच्या खोल्यांची ओळ बांधली, की शेतीपेक्षा नियमित उत्पन्न सुरू होतं. गंगापूर, वैजापूर, कन्नड, जालना, बीड, परभणीकडची आणि आता उत्तर प्रदेश-बिहारकडची पोरं तीन-चार जण मिळून एक खोली घेतात. काही खोल्यांत तर एक डे शिफ्टचा आणि एक नाईटचा असे दोघं एकाच गादीवर पाळीपाळीने झोपतात.

आता भाडं कसं ठरतं ते पाहू. पुढचे आकडे फक्त हिशेब समजावा म्हणून धरले आहेत. समजा, शहराच्या दुसऱ्या टोकाला खोलीचं भाडं 3000 रुपये आहे आणि तिथून वाळूजला शेअर रिक्षाने जायला एका वेळेचे 30 रुपये लागतात. महिन्याला 26 दिवस, रोज दोन फेऱ्या, म्हणजे खर्च 1560 रुपये. गेटजवळ राहिलं तर हा खर्च वाचतो. तेव्हा एकट्या कमावत्या माणसाचं कुटुंब गेटजवळच्या खोलीला जास्तीत जास्त 3000 अधिक 1560, म्हणजे 4560 रुपये देईल. त्यापेक्षा जास्त दिलं तर जवळ राहण्यात फायदाच उरला नाही.

पण तीच खोली तिघा पोरांनी मिळून घेतली तर? प्रत्येकाचे 1560 वाचतात, तिघांचे मिळून 4680. ते 7680 रुपयांपर्यंत जाऊ शकतात. मालकाने 5000 मागितले तर पोरांना माणशी सुमारे 1667 पडतात, ते आनंदाने देतात. कुटुंब मात्र 4560 लाच थांबतं. इथे कुटुंबाला घालवायला कोणी भांडत नाही, भागाकारच त्याला बाहेर काढतो. म्हणून गेटजवळच्या गल्ल्यांत बॅचलर पोरांच्या खोल्या, मेस, मोबाईल रिचार्जची दुकानं दिसतात. कुटुंबं मात्र बजाजनगरच्या रो-हाऊसमध्ये किंवा लांब शहरात सरकतात.

खोल्या बांधणारे पुष्कळ असल्यामुळे भाडं वरच्या टोकाला जात नाही, पण त्याची किंमत दुसरीकडे मोजावी लागते. एका नळावर आणि दोन संडासांवर किती माणसं आहेत हे भाड्याच्या हिशेबात येतच नाही. उन्हाळ्यात टँकर आला की ते कळतं.

बस कोणाला

तुम्ही म्हणाल, कंपनीच्या बस असतात ना! असतात, पण त्या बहुतेक मोठ्या कंपन्यांच्या आणि मुख्यतः कायम कामगार व स्टाफसाठी. बस मिळाली की अंतराचा खर्च शून्य होतो, मग गेटजवळ राहण्याचं कारणच उरत नाही. म्हणून परमनंट माणूस मुलांची शाळा, दवाखाना बघून शहरात घर घेतो. ठेकेदाराकडच्या माणसाला बस नाही, म्हणून तो गेटजवळ. एकाच लाइनवर शेजारी उभी असणारी दोन माणसं अशी पंधरा किलोमीटर अंतरावर राहायला जातात.

गावाकडून मोटरसायकलवर येणारा तिसरा वर्गही आहे. त्याला भाडं नाही, जेवण घरचं. पण पहिली पाळी सकाळी सातच्या सुमारास सुरू होते, दुसरी रात्री बाराच्या आसपास सुटते आणि दर आठवड्याला पाळी बदलते. दुसऱ्या पाळीनंतर अंधारात चाळीस किलोमीटर गाडी मारायची, हे पावसाळ्यात दोन-तीन आठवडे केलं की तोही खोली शोधायला लागतो. खिशाने नाही, तर पाळीने घेतलेला हा निर्णय असतो.

हिशेबाचं शेवटचं टोक

ज्याला भाडंही परवडत नाही आणि प्रवासही नाही, तो काय करतो? तो शेडमध्येच झोपतो. मालकाचा वॉचमनचा खर्च वाचतो, कामगाराचं भाडं वाचतं, दोघांनाही सोय वाटते. 31 डिसेंबर 2023 च्या पहाटे वाळूजमधल्या हातमोजे बनवणाऱ्या एका कारखान्याला आग लागली आणि सहा कामगार मृत्युमुखी पडले. ते रात्री तिथेच झोपले होते. कारखान्याची शेड मालासाठी आणि मशिनसाठी बांधलेली असते. झोपलेला माणूस उठून बाहेर पळेल, असा विचार तिच्या आराखड्यात नसतो.

वसाहतीचा नकाशा काढताना पाणी, वीज, रस्ता आणि सांडपाणी यांचा हिशेब प्लॉटप्रमाणे होतो. माणसांच्या झोपण्याचा हिशेब मात्र शेजारच्या गावावर सोडला जातो. ठेकेदाराच्या माणसांनाही बसमध्ये जागा मिळाली, किंवा वसाहतीतच भाड्याची वसतिगृहं बांधली, तर वरच्या गणितातला 1560 हा आकडा बदलतो आणि मग सगळं उत्तरच बदलतं.

पुढच्या व्हिजिटला दुपारी पाळी सुटायच्या वेळी दहा मिनिटं गेटबाहेर थांबा. किती जण बसमध्ये चढले, किती रिक्षाकडे गेले, किती पायी गावाकडे वळले, एवढंच वहीत मोजून ठेवा. तिथल्या नोकऱ्या किती कायम आणि किती कच्च्या, याचा बराचसा अंदाज तुम्हाला आत न विचारताच येईल.