बारा मिनिटांत किती धावलात?

प्रश्न : मी २१ वर्षांचा असून पोलीस भरतीची तयारी करतो. बारा मिनिटांत २,३५० मीटर धावलो. थांबताच दहा सेकंदांत नाडीचे २५ ठोके भरले. माझा दम किती समजायचा? – एक वाचक, दवनीवाडा

उत्तर : ही चाचणी केनेथ कूपर यांनी १९६८ मध्ये अमेरिकी हवाई दलातल्या जवानांवरून मांडली. अंतरातून ५०४.९ वजा करा आणि ४४.७३ने भागा. तुमचे उत्तर ४१ येते. म्हणजे दर किलो वजनामागे मिनिटाला सुमारे ४१ मिलिलिटर प्राणवायू शरीर वापरू शकते. तुमच्या वयाला हे मध्यमच.

पण मला तुमची नाडी जास्त बोलकी वाटते. २५ गुणिले ६, म्हणजे मिनिटाला १५०. तुमच्या वयात कमाल ठोके साधारण २०० धरतात, आणि जीव तोडून धावलेल्याची नाडी १८०च्या पुढे असते. नाडी सूत्रात येत नाही, ती फक्त जोर किती लावला ते सांगते. तेव्हा एक तर तुम्ही राखून धावलात, किंवा नाडी उशिरा मोजलीत. थांबल्यावर ठोके झपाट्याने उतरतात. अर्धे मिनिट घड्याळ शोधण्यात गेले की आकडा फसवा.

मैदानाची फेरी टेपने मोजून घ्या, पावलांनी नको. आठवड्याने पहाटे पुन्हा धावा. उन्हात नाडी चढते आणि अंतर घटते. सुरुवातीलाच सुसाट सुटू नका. छातीत दुखले किंवा चक्कर आली तर तिथेच थांबा आणि डॉक्टरांना दाखवा.