लॉगचं बिल: पैसे जीबीचे जातात की दिवसांचे?

व्हिडिओत आपण क्लाउडचं बिल उघडून बघितलं. त्यातल्या लॉगच्या ओळीचा हिशोब आज नीट मांडू.

लॉग म्हणजे तुमच्या अ‍ॅपची रोजकीर्द. तिचे पैसे दोन ठिकाणी लागतात. नोंद आत येताना एकदा, म्हणजे इन्जेशन. आणि ती सांभाळून ठेवायचे दर महिन्याला, म्हणजे रिटेन्शन.

समजा, दिव्यात तुमची टिफिन सर्व्हिस आहे. 30 डिलिव्हरी बॉय, रोज 6 तास काम. प्रत्येकाचा फोन दर 5 सेकंदांनी लोकेशन पाठवतो. दिवसाला झाले 1,29,600 मेसेज. एका मेसेजमागे अ‍ॅप 4 ओळी लिहितं, ओळ साधारण 1 केबीची. म्हणजे रोज अर्धा जीबी, महिन्याला 15 जीबी.

आता दर लावू. अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडवॉच लॉग्जचा अमेरिकेतल्या व्हर्जिनिया रिजनचा दर आत येताना जीबीला 0.50 डॉलर, साठवताना महिन्याला जीबीमागे 0.03 डॉलर. साठवण दाबून होते, मूळच्या साधारण 15 टक्के धरतात. डॉलर 85 रुपये धरू आणि फुकटचे पहिले 5 जीबी बाजूला ठेवू.

इन्जेशन: 15 × 0.50 = 7.50 डॉलर, म्हणजे सुमारे 638 रुपये.
30 दिवस साठवण: सुमारे 6 रुपये.
180 दिवस साठवण: सुमारे 34 रुपये.

बघा, दिवस 180 वरून 30 वर आणले तर वाचले फक्त 28 रुपये! पण चारपैकी तीन ओळी प्रोग्रामरने तपासणीपुरत्या टाकलेल्या डीबग ओळी असतील आणि त्या बंद केल्या, तर इन्जेशन 160 रुपयांवर येतं. महिन्याला 478 रुपये वाचले. शिवाय सर्ट-इनच्या 28 एप्रिल 2022 च्या निर्देशांत लॉग 180 दिवस ठेवायला सांगितलंय. म्हणून कात्री दिवसांना नको, फालतू ओळींना लावा. लॉगिन, एरर आणि सर्व्हरची मूळ नोंद मात्र राहू द्या.

दोन गोष्टी सांभाळा. क्लाउडवॉचमध्ये मुदत ठरवली नाही तर लॉग कायमचे राहतात, म्हणून ती स्वतः लावा:

```
aws logs put-retention-policy \
  --log-group-name /diva/tiffin \
  --retention-in-days 180
```

आणि `IncomingBytes` हा आकडा आठवड्यातून एकदा बघा. ऑर्डर तेवढ्याच आणि हा आकडा दुप्पट, तर कोणीतरी डीबग चालू ठेवलाय असं समजा.

हा हिशोब सगळीकडे चालत नाही. काही कंपन्या सर्चसाठी ठेवलेल्या ओळी मोजतात आणि जितके दिवस जास्त तितका ओळीचा दर चढा लावतात. तिथे दिवसही महाग पडतात. अशा वेळी सर्चसाठी थोडेच दिवस ठेवा, बाकीचे लॉग साध्या स्टोरेजमध्ये टाका.

तुमचा सर्व्हर मुंबई रिजनमध्ये असेल तर दर वेगळा आहे. प्राइसिंग पेजवर रिजन बदलून हेच गणित पुन्हा करा.